नातीच्या व्हिडिओ कॉलचा डेटा नक्की कुणाचा जातो?

“दादा, मी राजारामपुरीत राहते, मुलगी पुण्यात. नात आठ महिन्यांची झाली, तिला बघायला रोज रात्री व्हॉट्सॲपवर वीस-बावीस मिनिटं व्हिडिओ कॉल असतो. रिचार्ज २८ दिवसांचा, रोज दीड जीबी, घरात वायफाय नाही. पण सात-आठ वाजताच डेटा संपल्याचा मेसेज येतो आणि नेमकं कॉलच्या वेळी चित्र अडकतं. आमचे हे म्हणतात तुझ्या कॉलनंच सगळं नेट खाल्लं, पोरीला तिकडनं करायला सांग, इनकमिंग फ्री असतंय. भाच्यानं व्हॉट्सॲपमधलं नेटवर्क युसेज उघडून दाखवलं तर कॉल्सपुढं १८ जीबी आणि २० जीबी, मला घामच फुटला. तो म्हणतो रीसेट कर आणि महिन्याचं मोज. रीसेट केल्यावर फोटो, चॅट जाणार नाहीत ना? – नातीची आजी, कोल्हापूर”

काकू, घाम पुसा आधी. ते स्क्रीन परत उघडा आणि बोटानं सरकवत एकदम खाली जा, तिथं Reset statistics लिहिलेलं असेल आणि त्याच्या जवळच Last reset time असं बारीक अक्षरात. तुमच्याकडं त्याच्यापुढं बहुतेक Never असणार. म्हणजे या फोनवर व्हॉट्सॲप टाकल्यापासून आजपर्यंतचा सगळा हिशेब एकाच वहीत चढत गेलाय, कुणी पान उलटलंच नाही. भाच्यानं आकडा दाखवला पण तो कधीपासूनचा ते दाखवलं नाही, त्यामुळं तुम्हाला तो या महिन्याचा वाटला.

आता १८ आणि २० मिळून ३८ जीबी. नात आठ महिन्यांची आहे, म्हणजे साधारण २४० दिवस, आणि हे सगळे कॉल तिच्यासाठीच झाले असं धरू. ३८ जीबी म्हणजे ३८,००० एमबीच्या आसपास, त्याला २४० नं भागलं की दिवसाला १५८ एमबी येतात. तुमचा रोजचा कोटा दीड जीबी, म्हणजे १,५०० एमबी. नात फार फार तर त्यातला दहावा भाग घेते, आणि त्यातही तुम्ही मधे पुण्याला जाऊन राहिला असाल, तिथनं लेकीच्या वायफायवर बोलला असाल तर तेही याच आकड्यात बसलंय, त्याचा तुमच्या रिचार्जशी काही संबंध नाही. उरलेले नऊ भाग कुठं जातात ते शोधायचंय, आणि काकांना सांगा की आरोपी चुकीचा धरलाय.

काकांच्या इनकमिंगचं पण बोलून घेऊ, कारण हा गैरसमज फक्त त्यांचा नाही, माझ्या दुकानात आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी हेच सांगतं. साध्या फोनचं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, ज्यानं लावला त्याचे पैसे. पूर्वी मिस्ड कॉल देऊन ठेवायचो ते त्यासाठीच. व्हॉट्सॲपचा कॉल मात्र नेटवरनं जातो आणि तिथं कुणी लावला याला काडीची किंमत नाही. तुमचा चेहरा आणि आवाज पुण्याला जातो तो तुमच्या सिममधनं वर जातो, नातीचा चेहरा इकडं येतो तो तुमच्याच सिममधनं खाली येतो, आणि दोन्ही तुमच्या दीड जीबीतनं वजा होतात. तिकडं लेकीच्या फोनवर तेवढाच हिशेब तिच्या बाजूनं होतो. तुमचे ते १८ आणि २० म्हणजे हेच, वर बाण असलेला गेलेला डेटा, खाली बाण असलेला आलेला. लेकीनं कॉल लावला तरी हे दोन्ही आकडे तितकेच चढणार. कमी करायचंच असेल तर तुमचा कॅमेरा बंद ठेवून बघा, वर जाणारा भाग एकदम खाली येईल, पण मग नातीला आजी कशी दिसायची, म्हणून हा उपाय मी सुचवून लगेच मागं घेतो.

आता रीसेटचं. फोटो जात नाहीत, चॅट जात नाहीत, काहीच जात नाही, फक्त मोजणीचे आकडे शून्यावर येतात. रिक्षाचा मीटर पाडल्यासारखं, मीटर पाडला म्हणून रिक्षातली माणसं उतरत नाहीत. आणि उलटं पण लक्षात ठेवा, रीसेट केलं म्हणून संपलेला डेटा परत भरत नाही. एकजण माझ्याकडं तक्रार घेऊन आलेला की चार वेळा रीसेट केलं तरी नेट चालू होईना. अहो, ती व्हॉट्सॲपची स्वतःची वही आहे, कंपनीची नव्हे, कंपनी आपलं वेगळं मोजते.

पण एक जागा मात्र जपा. व्हॉट्सॲपमध्ये वर उजवीकडं तीन टिंबं, मग Settings, मग Storage and data. इथं दोन गोष्टी एकाखाली एक दिसतात, Manage storage आणि Network usage. पहिली आहे फोनमध्ये जागा किती अडलीय त्याची, तिथं फोटो-व्हिडिओ निवडून डिलीट करता येतात आणि तिथं गडबड केली तर खरंच जातात. दुसरी फक्त मोजते. आपल्याला दुसरीतच जायचंय. भीती वाटत असेल तर पहिल्यांदा भाच्याला शेजारी बसवा पण फोन तुमच्या हातात ठेवा, नाहीतर पोरं फटाफट दाबून मोकळी होतात आणि आपल्याला काय केलं ते कळत नाही.

आणि रीसेट दाबायच्या आधी स्क्रीनशॉट काढा किंवा कॅलेंडरच्या मागच्या पानावर आकडे लिहून ठेवा. हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्याच फोनचं दोन वर्षांचं सगळं एका झटक्यात शून्य केलं आणि मग बायकोनं विचारलं की स्टेटस बघण्यात किती घालवलंस ते दाखव, तर दाखवायला काहीच नाही. तिला वाटलं मुद्दाम पुसलं. परत आणायचं बटण तिथं नाही.

तर रीसेट कधी करायचं? एक तारखेला करू नका. तुमचा महिना एक तारखेला सुरू होतच नाही, तो रिचार्जला सुरू होतो, आणि तोही २८ दिवसांचा. समजा ६ जानेवारीला रिचार्ज मारला तर तो २ फेब्रुवारीला संपतो, पुढचा ३ फेब्रुवारीला, त्याच्या पुढचा ३ मार्चला आणि त्याच्यानंतरचा थेट ३१ मार्चला, म्हणजे एका मार्चमध्येच दोन रिचार्ज. अशी तारीख मागं मागं सरकत राहते आणि वर्षाला बाराच्या ऐवजी तेरा रिचार्ज होतात. म्हणून साधा नियम, रिचार्ज झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी जुने आकडे लिहायचे आणि रीसेट दाबायचं. फोनला ते आपोआप करायला सांगता येत नाही, हातानंच करावं लागतं. पण Last reset time तिथंच दिसत असल्यामुळं विसरलात तरी कधीपासून मोजतोय ते कळतं.

रीसेट न करता दर महिन्याला नुसती वजाबाकी केली तर चालत नाही का, असं कुणी म्हणेल. चालतं की, पण आकडा मोठा झाला की तो जीबीत दिसायला लागतो आणि बारीक फरक त्यात दिसेनासे होतात. २० जीबीच्या ढिगावर आजच्या कॉलचे ऐंशी एमबी पडले तर तुम्हाला दिसणार काय? शून्यावरनं सुरू केलं की तेच ऐंशी एमबी ठळक दिसतात. रीसेटचा खरा फायदा हा आहे.

आता त्या स्क्रीनवरच्या ओळी एकदा नीट बघा. Calls म्हणजे व्हॉट्सॲपवरचे व्हॉईस आणि व्हिडिओ दोन्ही कॉल एकत्र, वेगळे करून देत नाही. Media म्हणजे चॅटमधनं आलेले-गेलेले फोटो, व्हिडिओ, व्हॉईस मेसेज. Google Drive म्हणजे चॅटचा बॅकअप. Messages म्हणजे नुसती अक्षरं, ती इतकी हलकी की महिनाभर गप्पा मारल्या तरी एका व्हिडिओइतकं होत नाही, तिकडं बघूच नका. Status म्हणजे लोकांचे स्टेटस बघणं आणि आपले टाकणं. Roaming तुम्हाला कोल्हापूर-पुण्यात लागत नाही.

आमच्या मंगळवार पेठेतल्या एका मावशींचं सांगतो, कारण त्यांचं दुखणं तुमच्यासारखंच होतं, फक्त नात नाशिकला. त्यांना पण दीड जीबीच, त्या पण रोज रात्री वीस मिनिटं व्हिडिओ कॉलवर. रिचार्जच्या दिवशी सकाळी आम्ही रीसेट केलं आणि बरोबर सात दिवसांनी सकाळीच बघितलं. कॉल्स वर ५८० एमबी, खाली ६२० एमबी, म्हणजे मिळून १.२ जीबी. सात दिवस रोज वीस मिनिटं म्हणजे १४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. तुमच्या आकड्यांवरनं पण मिनिटाला सातेक एमबी निघतात, गणित जुळतंय. नेट चांगलं असलं की चित्र स्वच्छ येतं आणि आकडा वाढतो, रेंज कमी असली की व्हॉट्सॲप स्वतःच चित्र खराब करून डेटा कमी घेतं, त्यामुळं हा आकडा सगळ्यांना सारखा येणार नाही, तुमचा तुम्हीच मोजा. एक कॉल सुरू व्हायच्या आधी कॉल्सचे आकडे बघायचे, संपल्यावर परत बघायचे, फरकाला मिनिटांनी भागायचं, झालं.

पण मावशींच्या मीडियापुढचा आकडा बघून आम्ही दोघंही गप्प झालो. खाली २.१ जीबी. कॉल्सपेक्षा जवळजवळ दुप्पट! मावशी म्हणाल्या, “मी तर एक व्हिडिओ उघडत नाही रे, डोळे दुखतात माझे.” आणि त्या खरं बोलत होत्या. त्यांच्या फोनात एक भिशीचा ग्रुप, एक अपार्टमेंटचा, एक सकाळी अंबाबाईच्या दर्शनाचे फोटो आणि आरतीचे व्हिडिओ टाकणारा, आणि दोन नातेवाइकांचे. पाच ग्रुप मिळून दिवसाला वीस-पंचवीस व्हिडिओ पडायचे, प्रत्येक बारा एमबीचा धरला तरी रोजचे तीनशे एमबी. मावशी ते उघडत नव्हत्या पण फोन ते आपोआप उतरवून घेत होता, कारण नातवानं कधीतरी मोबाईल डेटावर व्हिडिओची टिक लावून ठेवलेली. उघडलं नाही तर डेटा जात नाही असं आपल्याला वाटतं, पण डेटा उतरवताना जातो, बघताना नव्हे.

ती टिक कुठं असते ते सांगतो. त्याच Storage and data मध्ये खाली Media auto-download असा भाग आहे आणि त्याच्याखाली When using mobile data. त्याच्यावर दाबलं की फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट अशा चौकटी येतात. व्हिडिओची टिक काढायची, डॉक्युमेंटची काढायची, फोटोची पण काढली तरी चालतं. मग फोटो धूसर दिसतो आणि त्याच्यावर खाली बाण दिसतो, बघावासा वाटला तर दाबायचं, नाहीतर तसाच सोडायचा. व्हॉईस मेसेज मात्र टिक असो नसो आपोआपच उतरतात, त्याला इलाज नाही, पण ते हलके असतात. मावशींनी हे केलं आणि पुढच्या आठवड्यात मीडिया ५०० एमबीवर आलं. आधीचे २.१ जीबी, आता अर्धा जीबी, म्हणजे आठवड्याला १.६ जीबी वाचले, दिवसाला सव्वादोनशे एमबी. त्यांचा एक रात्रीचा कॉल १७० एमबीचा, म्हणजे रोजच्या कॉलपेक्षा जास्त डेटा न बघितलेल्या व्हिडिओंत चाललेला. मावशींनी ग्रुपवाल्यांना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

तरी अजून गोष्ट संपली नव्हती. कॉल्स १.२, मीडिया वर-खाली मिळून २.२, स्टेटस ०.४, सगळं मिळून व्हॉट्सॲपनं पहिल्या आठवड्यात ३.८ जीबी दाखवले. पण मावशींना तर सात दिवसांत दीडच्या हिशेबानं साडेदहा जीबी मिळालेले आणि ते जवळपास रोज संपत होते. मग बाकीचे कुठं गेले? हे व्हॉट्सॲप सांगूच शकत नाही, त्याला फक्त स्वतःचं माहीत. यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये जावं लागतं, व्हॉट्सॲपच्या नव्हे. अँड्रॉइडला सेटिंग उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत data usage टाका, मोबाईल डेटाची यादी समोर येईल. प्रत्येक कंपनीच्या फोनात रस्ता थोडा वेगळा असतो म्हणून शोधूनच जायला सांगतोय. तिथं ॲपनुसार आकडे असतात, सगळ्यात खाऊ ॲप सगळ्यात वर.

मावशींच्या यादीत सात दिवसांचे एकूण १०.३ जीबी होते आणि त्यात व्हॉट्सॲप ३.४. आता तुम्ही म्हणाल व्हॉट्सॲप स्वतः ३.८ म्हणतंय आणि फोन ३.४, खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. व्हॉट्सॲपच्या त्या स्क्रीनवर वायफाय आणि मोबाईल डेटा असा भेद नसतो, जे गेलं ते सगळं एकाच ओळीत. फोनची ती यादी मात्र फक्त सिमच्या डेटाची. मावशी रविवारी मुलाकडं कळंब्याला जेवायला गेलेल्या, तिथं वायफायवर नाशिकला बोलल्या आणि साठलेले फोटो उतरले, ते ०.४ तिथले. म्हणून दीड जीबी कुठं गेला हे बघताना फोनचा आकडा धरायचा, आणि व्हॉट्सॲपच्या आत कशावर गेलं हे बघताना व्हॉट्सॲपचा. टेलिग्राम वापरत असाल तर त्याच्या डेटा युसेजमध्ये मोबाईल आणि वायफाय वेगवेगळे दाखवतात, व्हॉट्सॲपनं एवढं केलं असतं तर माझं निम्मं लिखाण वाचलं असतं.

एक अडचण मात्र इथं येते. फोनची यादी महिन्याच्या ठराविक तारखेपासून मोजते, ती तारीख बदलता येते, पण २८ दिवसांचं चक्र तिला कळत नाही. म्हणून प्रत्येक रिचार्जला ती तारीख नव्यानं लावायची, ६ जानेवारीच्या रिचार्जला ६, ३ फेब्रुवारीच्या रिचार्जला ३. कंटाळा येतो हे खरं, पण दोन्ही वह्या एकाच दिवसापासून सुरू नसतील तर वजाबाकी कशाची करणार? आयफोन असेल तर तिथं मोबाईल डेटाच्या पानावर Current Period असतो, तो स्वतःहून कधीच शून्य होत नाही, त्याच पानावर एकदम खाली Reset Statistics असतं, तेही त्याच दिवशी दाबायचं.

उरलेले ६.९ जीबी? संध्याकाळची मालिका चुकली की मावशी यूट्यूबवर बघायच्या, स्वयंपाक करताना फोन पोळपाटाशेजारी उभा करून, आणि मधे मधे रील. आवाज ऐकायला लावलेला पण चित्र एकदम भारी क्वालिटीत चाललेलं. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये Video quality preferences मध्ये मोबाईल नेटवर्कसाठी Data saver निवडलं, चित्र जरा मऊ झालं, मावशींना फरक कळलाच नाही. माझा अंदाज, तुमचे नऊ भाग पण असेच कुठंतरी सापडतील, आणि कदाचित काका तुमच्याच फोनवर कुस्त्या बघत असतील, ते पण तपासा.

बॅकअपची ओळ पण एकदा बघाच. Google Drive पुढं वर जाणारा मोठा आकडा दिसला तर व्हॉट्सॲपमधल्या Settings, मग Chats, मग Chat backup मध्ये जाऊन Back up using cellular बंद आहे का बघा. चालू असेल तर तुमच्या चॅटमधले फोटो तुमच्या सिममधनं वर जातात, तेही बहुतेक रात्री उशिरा, म्हणजे बारा वाजता नवा दीड जीबी मिळाला की तुम्ही उठायच्या आधीच त्यातला काही संपलेला. पण बंद केलं तर घरात वायफाय नसल्यामुळं बॅकअप होणारच नाही हेही खरं, म्हणून पुण्याला गेलात की तिथं वायफायवर हातानं Back up दाबा, तेवढं लेकीला आठवण करायला सांगा. नातीचे फोटो आहेत, ते जाऊ द्यायचे नाहीत.

कॉलसाठी एक सेटिंग त्याच Storage and data मध्ये आहे, Use less data for calls. चालू केलं की कॉल कमी डेटा घेतो आणि चित्र खराब होतं. मी तुम्हाला ते लगेच चालू करायला सांगणार नाही, कारण तुमचा कॉल दीडशे एमबीचाच आहे, त्यातले चाळीस-पन्नास वाचवून नातीचा चेहरा ठिपक्या-ठिपक्यांचा करण्यात काय हशील? आधी मीडियाची टिक काढा. ते करूनही रात्री कमी पडलं तर मग हे चालू करून एक कॉल मोजा.

अजून एक, लेकीनं लॅपटॉपवर तुमचं व्हॉट्सॲप जोडून दिलं असेल तर त्या लॅपटॉपवर जे होतं ते तुमच्या फोनच्या या मोजणीत येत नाही, आणि फोन बदलला किंवा व्हॉट्सॲप काढून परत टाकलं तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे कधी आकडा अचानक लहान दिसला तर कुणी रीसेट केलं असं लगेच समजू नका.

तुमचा खरा प्रश्न महिन्याचा नसून रात्री आठचा आहे, म्हणून पहिल्या आठवड्यात एवढं जास्तीचं करा. कोटा रोज मध्यरात्री बारा वाजता नवा होतो आणि आजचा उरलेला सहसा उद्या मिळत नाही, त्यामुळं महिन्याची सरासरी चांगली आली तरी एखाद्या दिवशी आठलाच संपू शकतो. तीन दिवस सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी कॉल्स, मीडिया आणि स्टेटसचे आकडे लिहा, शेजारी फोनच्या यादीतला एकूण आकडा. सकाळ ते दुपारमध्ये मीडिया उडी मारत असेल तर शुभ प्रभातवाले दोषी. दुपार ते संध्याकाळमध्ये एकूण आकडा पळत असेल आणि व्हॉट्सॲप जागेवर असेल तर यूट्यूब नाहीतर रील. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉल्सचा आकडा हलणारच नाही, कारण नातीचा कॉल रात्रीचा, आणि नेट तर त्याच्या आधीच संपलेलं असतं. हे एवढं एक काकांच्या समोर ठेवा, बाकीचं समजावत बसू नका.

पुढच्या रिचार्जला रीसेट केलंत की सात दिवसांचे आकडे मला पाठवा, कॉल्स, मीडिया, स्टेटस आणि फोनचा एकूण, एवढे चारच. आणि रात्री आठला मेसेज परत आला तर आकडे त्याच वेळचे पाठवा, दुसऱ्या दिवशी सकाळचे नको, तोपर्यंत नवा कोटा चालू झालेला असतो.